विनोद नेमका कोठे पडला?

चिंचवडच्या एका मंगल कार्यालयात विवाहाच्या आदल्या संध्याकाळी घरगुती कार्यक्रम रंगला होता. एका बाजूस किराणा आणि कापडाच्या व्यापारात पिढ्या घालवलेले नातेवाईक, तर दुसऱ्या बाजूस नवरदेवाचे चाकणचे सहकारी बसले होते. नवरदेव वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. त्याच्या धाकट्या काकांनी माइक हाती घेतला आणि एक किस्सा सांगितला. तो त्यांच्याच शब्दांत असा :

“आमचा हा चाकणला स्टोअरला आहे. तिथं जेआयटी असतं. तर वडील एकदा कंपनी बघायला गेले. जाताना नाशिक फाट्यापासून ट्रॅफिक, दोन तास लागले, ते असू द्या. तर स्टोअर बघून वडील हळूच म्हणाले, की कुणी उधारी बंद केली का, असं त्यांनी विचारलं याला, कारण सगळे रॅक रिकामे होते ना!”

सभागृह शांत राहिले. सहकाऱ्यांपैकी दोघे-तिघे उशिराने हसले. नातेवाईक एकमेकांकडे पाहू लागले. नवरदेवाचे वडील पहिल्या रांगेत होते. त्यांनी उपरण्याचे टोक सारखे केले आणि खाली पाहिले. विनोद पोहोचला नाही. पोहोचले ते एवढेच, की धाकट्या भावाने चारचौघांत थोरल्याला अडाणी ठरविले.

वास्तविक किस्सा चांगला आहे. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी वही फेकून देत नाही. चूक कोणत्या नोंदीत आहे ते शोधतो. पडलेल्या विनोदाचेही तसेच करता येते. त्यासाठी प्रथम हसू कशात आहे ते ओळखावे लागते. या किश्श्यात रिकामा रॅक एकच आहे, पण त्याचे अर्थ दोन आहेत. मुलाच्या कारखान्यात माल साठवणे म्हणजे पैसा अडकवणे. भाग जुळणीला लागतील त्याच वेळी पुरवठादाराने आणून द्यायचे. ही पद्धत जपानच्या टोयोटा कंपनीने नावारूपास आणली आणि वाहन उद्योगाबरोबर ती चाकणच्या पट्ट्यातही रुजली. तेथे रिकामा रॅक हे चोख कामाचे लक्षण ठरते. वडिलांच्या पेठेत मात्र फळी रिकामी दिसली, की घाऊक व्यापाऱ्याने हात आखडता घेतला असे समजतात. दोघेही आपापल्या हिशेबाने बरोबर आहेत, आणि हसू त्या टकरीतून येते.

आता पहिली तपासणी मांडणीची. शेवटच्या वाक्यापूर्वी श्रोत्याजवळ जे असायला हवे ते सारे त्याला दिले होते का? येथे दोन गोष्टी आवश्यक होत्या : रॅक रिकामे आहेत, आणि मुलाला त्याचा अभिमान आहे. पहिली गोष्ट काकांनी शेवटानंतर सांगितली, दुसरी सांगितलीच नाही. उलट, नाशिक फाट्याची वाहतूक मात्र सविस्तर आली. श्रोता ऐकलेला प्रत्येक तपशील पुढे उपयोगी पडेल म्हणून जपून ठेवतो. दोन तासांच्या खोळंब्यातूनच काही तरी निघणार, अशी वाट पाहत बसलेल्या माणसाला उधारी कोठून आली ते समजत नाही.

दुसरी तपासणी सामाईक माहितीची. ‘जेआयटी’ हे आद्याक्षर सहकाऱ्यांना रोजचे आहे. कापड दुकानातील आत्याबाईंना त्याचा काहीच बोध होत नाही. उलट, उधारी बंद होण्याची नामुष्की आत्याबाईंना क्षणात कळते; पगारदार तरुणाला ती तितकी जाणवत नाही. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हापासून या परिसरात पेठ आणि कारखाना शेजारी नांदत आहेत. येथील लग्नघरात दोन्ही जगे एकत्र येतात. म्हणून अशा ठिकाणी माहिती गृहीत न धरता गोष्टीतच विणावी लागते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ला मुंबईच्या चाळीत कधीही न राहिलेले वाचकही हसतात, कारण पु. लं.नी ती चाळ आणि तिची माणसे पुस्तकातच उभी केली आहेत. मात्र ही माहिती आधी द्यायची असते. हशा आला नाही म्हणून नंतर केलेला खुलासा श्रोत्याला समजतो, पण हसवत नाही.

तिसरी तपासणी शेवटच्या घावाच्या जागेची. येथे मराठी वाक्यरचना स्वतःच एक सापळा लावते. क्रियापद शेवटी येते, आणि दुसऱ्याचे बोलणे सांगताना ‘असे ते म्हणाले’ हे शेपूट सहज जोडले जाते. ज्या शब्दावर हसायचे तो मागे पडतो. श्रोता हसू लागतो आणि वक्ता बोलतच असतो, म्हणून तो हसू आवरून ऐकू लागतो. उपाय सोपा आहे : ‘वडील म्हणाले’ हे आधी सांगावे आणि उद्गार शेवटी ठेवावा. उद्गारातही बोली मराठी शब्द हलवू देते. ‘उधारी कुणी बंद केली?’ यात गुपित पहिल्याच शब्दात फुटते. ‘कुणी बंद केली उधारी?’ यात ते शेवटपर्यंत राखले जाते.

तीनपैकी नेमका दोष कोणता, हे श्रोत्यांकडूनच कळते. न हसलेल्या एखाद्याला गोष्ट परत सांगायला लावावी. त्याला घटनाच नीट सांगता आली नाही, तर मांडणी सदोष आहे. घटना बरोबर सांगून तो ‘मग त्यात काय?’ असे विचारील, तर सामाईक माहिती कमी पडली. आणि सांगता सांगता तोच हसला, तर शेवटाची जागा चुकली. एक गट हसला आणि दुसरा गप्प राहिला, तर संशय प्रथम माहितीवर घ्यावा. विखुरलेले, उशिराचे हसू मांडणीकडे किंवा जागेकडे बोट दाखवते. चिंचवडला तिन्ही दोष एकत्र होते.

काही अपयशे मात्र या तपासणीत सापडत नाहीत. पंगतीची घाई असेल, ध्वनिक्षेपक खरखरत असेल, किंवा ज्याच्यावर विनोद आहे तो माणूस त्या दिवशी दुखावलेला असेल, तर निर्दोष किस्साही पडतो.

महिन्याभराने त्याच घरी जेवणानंतर मंडळी बसली असता काकांनी प्रथम थोरल्या भावाची परवानगी घेतली आणि किस्सा पुन्हा सांगितला :

“याच्या कंपनीत माल साठवत नाहीत. लागेल त्या वेळी गाडी येते, माल थेट कामावर. स्टोअर जितकं रिकामं, तितकी साहेबांची शाबासकी. याने मोठ्या अभिमानाने दादांना नेऊन दाखवलं : बघा बाबा, एकही रॅक भरलेला नाही! दादांनी चाळीस वर्षं दुकान चालवलंय. त्यांनी सगळे रॅक पाहिले, याला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, ‘अरे, कुणी बंद केली उधारी?’”

एवढे बोलून काका थांबले. सर्वांत आधी आत्याबाई हसल्या, मग नवरदेव. थोरल्या भावाने हसू ओसरू दिले आणि म्हणाले, “हसा. पण त्या दिवशी मी चेकबुक बरोबर नेलं होतं.”