‘अनलिमिटेड’ नेट महिन्याच्या वीस तारखेला का मरतं?

गावात केबलवाल्याकडून किंवा कंपनीकडून फायबरचं कनेक्शन घेताना एक शब्द हमखास ऐकू येतो. अनलिमिटेड. खालच्या बारीक अक्षरात एफयूपी, म्हणजे फेअर युसेज पॉलिसी लिहिलेली असते, ती कुणी वाचत नाही आणि कुणी वाचूनही दाखवत नाही. तिचा अर्थ सरळ आहे. ठरलेला डेटा संपला की नेट बंद होत नाही, फक्त वेग पाडला जातो. पण किती पाडला जातो, खरी गोम तिथंच आहे.

हिशोब करून बघू. समजा, प्लॅन 30 एमबीपीएसचा आणि मर्यादा 60 जीबीची. घरच्या टीव्हीवर रोज दोन तास चांगल्या क्वालिटीचा व्हिडिओ चालला, तर तासाला साधारण 2 जीबी धरून पंधरा दिवसांत 60 जीबी खलास. मोबाइलचे अपडेट, फोटोंचा बॅकअप हे तर धरलंच नाही. उरलेले पंधरा दिवस तुम्ही 512 केबीपीएसवर. हे आकडे बिटमधले आहेत, आठने भागलं की सेकंदाला 64 केबी.

आजचं साधं वेबपेज सहज अडीच एमबीचं असतं. म्हणजे एकट्यानं वापरलं तरी चाळीस सेकंद. त्याच वायफायवर आणखी तीन फोन असतील तर वाट्याला 16 केबी येतात आणि तेच पेज अडीच मिनिटांवर जातं. त्यात पेज म्हणजे एक फाइल नसते. डझनावारी तुकडे वेगवेगळे मागवले जातात, ते सगळे रांगेत अडकतात. काही वेळानं ब्राउझर किंवा समोरचा सर्व्हर कंटाळून हात वर करतो. आपल्याला दिसतो पांढरा पडदा. कागदावर नेट चालू, प्रत्यक्षात बंद!

ओळखीतल्या एका पोराचं असंच झालं. बारावीनंतरच्या प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता आणि मुदतीचा शेवटचा दिवस. लॉगिन व्हायचं, कॉलेजांची यादी उघडेपर्यंत सेशन संपायचं, परत लॉगिन. घरच्यांना वाटलं सरकारी साइटच बंद आहे. कंपनीला फोन केला तर उत्तर, “लाइन ओके दिसतेय.” लाइन ओकेच होती, वेग गळा दाबून ठेवलेला होता. शेवटी काकांच्या मोबाइल डेटावर फॉर्म भरला गेला.

ओळखायचं कसं? राउटरवर एलओएसचा लाल दिवा नाही, व्हॉट्सॲपचा मजकूर जातो पण फोटो फिरत राहतो, तीच साइट मोबाइल डेटावर झटकन उघडते. मग बाकीच्यांचं वायफाय बंद करून पहाटे स्पीड टेस्ट घ्या. गर्दीमुळे नेट मंद असेल तर पहाटे वेग सुधारतो. पहाटेही आकडा अर्ध्या एमबीपीएसला चिकटून राहिला तर एफयूपीच समजा. कंपनीच्या ॲपमध्ये वापर किती झाला ते बघून खात्री करा.

आता नियमाचं बोलू. ट्रायनं 2016 मध्ये निर्देश दिले की मर्यादा संपल्यावरही फिक्स्ड ब्रॉडबँडचा वेग 512 केबीपीएसखाली नेऊ नका आणि वापर 50, 90, 100 टक्के झाला की ग्राहकाला कळवा. तेव्हा ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याच 512 केबीपीएस होती, म्हणून तो आकडा. 2023 मध्ये सरकारनं हीच व्याख्या 2 एमबीपीएसवर नेली. म्हणजे आज ज्या वेगाला सरकार ब्रॉडबँड मानत नाही, त्याचे पैसे तुम्ही-आम्ही ब्रॉडबँड म्हणून भरतोय. हे कुठलं फेअर?

सूचनेचीही गंमत आहे. छोट्या गावात कनेक्शन घेताना अनेकदा फॉर्मवर केबलवालाच स्वतःचा नंबर टाकतो. एसएमएस त्याला जातो, ग्राहकाला पत्ता नाही.

कंपन्या म्हणतात, मर्यादा नसेल तर चार जण सगळी लाइन खातील. मान्य. मर्यादा ठेवा. पण ती जाहिरातीतल्या ‘अनलिमिटेड’इतक्याच मोठ्या अक्षरात छापा, आणि मर्यादेनंतरचा वेग 2 एमबीपीएसखाली नको. तेवढ्यात सिनेमा नीट दिसणार नाही, पण फॉर्म भरला जाईल, बिल भरलं जाईल.

तोवर आपण दोन कामं करू. खात्यावर नंबर आपलाच आहे ना ते आज तपासा. आणि नवीन प्लॅन घेताना एकच प्रश्न विचारा, “डेटा संपल्यावर वेग किती?” उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.

तुमच्याकडे मर्यादेनंतर किती वेग मिळतो? कमेंटमध्ये प्लॅन आणि आकडा लिहा.