ज्ञानगंगा राहू द्या, साठ पातळ पुस्तकं आणा

मागच्या महिन्यात एका मित्राने व्हॉट्सॲपवर आवाहन पाठवलं. ‘जरा भाषा बघ, मग सगळ्या ग्रुपवर टाकतो.’ मजकूर असा होता: ‘शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी चिमुकल्यांच्या आयुष्यात ज्ञानाचा दीप उजळू या! भव्य ग्रंथालयाचं स्वप्न साकारू या! एक पुस्तक पिढी घडवतं. फूल ना फुलाची पाकळी द्या.’ खाली क्यूआर कोड.

मी भाषा नंतर बघितली. आधी फोन करून विचारलं, समजा उद्या पैसे आले, तर सोमवारी दुकानात जाऊन काय घेशील?

‘पुस्तकं.’

कुठली?

‘बघू, मिळतील ती.’

माझं भांडण या ‘मिळतील ती’शी आहे. अलंकार खटकतात ते नंतर. त्याच शाळेसाठी दोन वर्षांपूर्वी असंच एक आवाहन फिरलं होतं आणि तीन पोती पुस्तकं आली होती. त्यात स्पर्धा परीक्षांची जुनी गाईडं होती, यशस्वी कसं व्हायचं ते सांगणारी पुस्तकं होती, दिवाळी अंक होते, दोन पोथ्या होत्या. देणाऱ्यांना मी दोष देणार नाही. आपण ‘काहीही द्या’ म्हटलं, त्यांनी काहीही दिलं. मग त्या सगळ्याची साठा नोंदवहीत नोंद झाली. आणि नोंद झालेलं पुस्तक हरवलं तर जाब मुख्याध्यापकांना द्यावा लागणार, म्हणून कपाटाला कुलूप. कागदावर ग्रंथालय तयार, मुलांच्या हातात शून्य.

आता ही शाळा बघा. पांढरकवड्याच्या पलीकडे, चौथीपर्यंतची. मुलं बहुतेक कोलाम पोडावरची. घरी कोलामी बोलतात, आणि ही मराठीची बोली नाही, द्राविडी कुळातली वेगळी भाषा आहे. सहा वर्षांचं पोर पहिलीत येतं तेव्हा त्याला अक्षरं नवी असतातच, पण त्या अक्षरांतली भाषाही नवी असते. त्याला दोनशे पानांचं गोष्टींचं पुस्तक देणं म्हणजे विटेवर वीट ठेवण्यासारखं. त्याला बारा-सोळा पानांचं पुस्तक लागतं, ज्यात पानभर चित्र आणि खाली एखाददुसरी ओळ असते. चित्रात काय चाललंय ते पोर कोलामीत सांगतं, बाई त्यालाच मराठी शब्द जोडतात, आणि मग खालची ओळ त्याच्या ओळखीची होते. निव्वळ चित्रांचं पुस्तकही चालतं. पोत्यांत असं एकही नव्हतं.

आणि ‘स्वप्न’ कसलं? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तकं हवीत असं लिहिलंय. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला पुस्तकांसाठी ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्यामुळे लोकांपुढे हात पसरण्याआधी ते पैसे आले का आणि कशावर गेले, हे विचारायचं. मित्राने विचारलं. तिसरी-चौथीची पुस्तकं आली होती. ठीक. मग तेच लिहायचं.

आम्ही मजकूर पुन्हा लिहिला:

‘आमच्या शाळेत पहिली-दुसरीत १४ मुलं आहेत. घरी ती कोलामी बोलतात. यंदाच्या अनुदानातून मोठ्या मुलांची पुस्तकं घेतली, या १४ जणांसाठी काही उरलं नाही. आम्हाला ६० पातळ चित्रपुस्तकं घ्यायची आहेत. एक साधारण ६० रुपयांना, म्हणजे ३,६०० रुपये. ती मुलांच्या हाताला येतील अशी भिंतीवर टांगायला कप्प्यांचं कापड शिवायचं आहे, त्याचे ९००. एकूण ४,५००. तेवढे जमले की क्यूआर कोड बंद करू. जुनी पुस्तकं पाठवू नका. पुस्तकं फाटतील, काही हरवतील. त्याची भरपाई मुलांकडून किंवा शिक्षकांकडून घेणार नाही.’

शेवटचं वाक्य मुख्याध्यापकांशी बोलून घातलं. माझ्या मते सगळ्या आवाहनात तेच सर्वांत मोलाचं आहे, कारण कुलूप त्यानेच उघडतं.

मित्र म्हणाला, ‘फार कोरडं झालं रे. आत्महत्यांचं तरी राहू दे, लोक त्यावरच थांबतात.’ थांबत असतील. पण या १४ मुलांच्या चित्रपुस्तकांचा आणि कुणाच्या बापाच्या मरणाचा संबंध काय? यवतमाळ म्हटलं की फास दाखवायचा, ही सवय बाहेरच्यांनी लावली आणि आपण ती पैसे मागायला वापरतो. पोराला मोठेपणी ते आवाहन वाचता आलं, तर त्यात त्याला स्वतःची ओळख काय दिसेल?

शिवाय मोठ्या शब्दांचा हिशेब मागता येत नाही. दीप उजळला की नाही, कुणी तपासायचं? साठ पुस्तकं तपासता येतात. तीन महिन्यांनी जा आणि कोपरे बघा. ज्यांचे कोपरे दुमडलेत, पानांवर बोटांचे डाग आहेत, ती वाचली गेली. कोरी राहिली ती आपण चुकीची निवडली, पुढच्या वेळी तसली घ्यायची नाहीत.

पाठवण्याआधी त्याने गुपचूप एक ओळ परत घातली: ‘फूल ना फुलाची पाकळी.’ मी ती खोडली. पाकळी म्हणजे किती, ते कुणालाच कळत नाही. त्या जागी ‘एका पुस्तकाचे ६० रुपये’ असं लिहायला लावलं.