वाळू मागवण्याआधी बरणी भरा

घर बांधणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. वाळू ठरवण्याच्या आदल्या दिवशी डेपोवर जा आणि ढिगाच्या पाच-सहा जागांहून, थोडं आत हात घालून, नमुना आणा. ट्रक दारात आल्यावर तपासायचं म्हटलं, तर चालक तीन तास थांबणार नाही.

सरळ कडांची काचेची बरणी घ्या. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा. बरणी एक तृतीयांश वाळूने भरा, त्यावर हे पाणी दुपटीहून थोडं वर येईल इतकं ओता, झाकण लावून जोरात हलवा आणि तीन तास हात लावू नका. मिठामुळे गाळ लवकर बसतो आणि वाळूवर त्याचा थर स्पष्ट दिसतो. पट्टीने मोजा. खाली वाळू ८० मिलिमीटर आणि वर गाळ ९ मिलिमीटर असेल, तर गाळ ११ टक्के झाला. बरणीत असा मोजलेला गाळ नदीच्या वाळूत ८ टक्क्यांपर्यंत चालतो. ही वाळू नाकारा किंवा धुऊन घ्या.

क्रश सँडच्या बरणीत हाच ९ मिलिमीटरचा थर दिसला, तर मात्र लगेच नाक मुरडू नका. तो बहुधा दगडाचा भुगा असतो, माती नव्हे. आयएस ३८३ प्रमाणे ७५ मायक्रॉनखालचा बारीक भाग नदीच्या वाळूत वजनाने ३ टक्के, तर क्रश सँडमध्ये १५ टक्क्यांपर्यंत चालतो. भुगा की माती, हे ओळखायला वरचा थर काढून छोटी गोळी वळा आणि वाळवा. बोटांत चिरडून पीठ झालं तर भुगा. कडक राहिली तर माती, आणि तो माल नको. क्रशरवर खडी फोडताना पडलेली डस्टही ‘क्रश सँड’ म्हणून खपवली जाते. तिच्यात भुगा फार असतो, आणि तिचा गिलावा वाळला की केसासारख्या भेगा पडतात. शंका असेल तर प्रयोगशाळेत चाळणी करून घ्या.

खरी गडबड होते ती मिक्सरपाशी. क्रश सँडचे कण टोकदार, खरबरीत. नदीच्या वाळूसारखे घसरत नाहीत. माल घट्ट वाटतो, गवंडी म्हणतो, “अजून पाणी टाका.” एम-२० च्या नेहमीच्या प्रमाणात ५० किलोच्या गोणीला ३० लिटर पाणी लागतं, तेही वाळूतला ओलावा धरून. त्यात ५ लिटर वाढवलं की काँक्रीट चांगलंच कमजोर होतं. ताकद तीच ठेवून ते ५ लिटर घालायचं, तर सिमेंटही साधारण ८ किलो वाढवावं लागेल. त्यापेक्षा प्लास्टिसायझर डब्यावर लिहिलेल्या मात्रेत पाण्यात मिसळून घालणं बरं. मिक्सरजवळच्या बादलीवर लिटरच्या खुणा करून ठेवा आणि पाणी मोजूनच टाकायला सांगा, गवंडी कितीही जुना असला तरी.