चाळीस डबे आणि एक तवा

रहाटणीत मी राहतो त्या घराच्या खाली काकू डबे करतात. दुपारचे चाळीस डबे, बहुतेक हिंजवडीत जाणारे. गेल्या महिन्यात आणखी दहा जणांनी विचारलं आणि काकूंनी मला बोलावलं, "अरे, तू इंजिनियर ना, जरा वेळेचं गणित बसवून दे."

मी बसवलं, आणि तोंडावर आपटलो.

गणित सोपं वाटत होतं. साडेबाराला डबा हातात पडायचा तर वाकडची गर्दी धरून मुलगा साडेअकराला निघायलाच हवा. म्हणजे सव्वाअकराला झाकणं लावायची. माणशी चार याप्रमाणे पोळ्या एकशे साठ. काकूंचा हात चालतो मिनिटाला एक, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं! आठ-दहाला तवा तापला तर शेवटची पोळी दहा-पन्नासला उतरते. कणीक त्याआधी अर्धा तास मुरायला हवी. एक शेगडी तव्यानेच अडवलेली, म्हणून वरण, भाजी, आमटी, भात सगळं एकामागे एक दुसऱ्या शेगडीवर. भात शेवटी.

दहा-पन्नास ते सव्वाअकरा काही घडत नाही असं मला वाटलं. पंचवीस मिनिटं रिकामी! दहा डब्यांच्या चाळीस पोळ्यांपैकी बऱ्याच तिथेच बसवल्या, उरलेल्यांसाठी तवा पंधरा मिनिटं लवकर चढवला.

त्या दिवशी दुपारी तक्रारी आल्या, पोळ्या ओल्या. डबा उघडला तर झाकणाला आतून पाण्याचे थेंब. ती पंचवीस मिनिटं रिकामी नव्हतीच हो, पोळ्यांची वाफ जायची वेळ होती ती. चाळणीवर पसरून ठेवल्या की वाफ निघून जाते. गरमागरम डब्यात कोंबल्या की तिचंच पाणी होऊन पोळीवर पडतं.

आणि माझ्या तक्त्यात आदली रात्र नव्हतीच. बुधवारची मटकीची उसळ सोमवारी रात्रीच सुरू होते: भिजत घालायची, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची. थंडीत मोड यायला आणखी वेळ लागतो, तेव्हा सोमवारी सकाळीच भिजवावी लागते. मेथी रात्री निवडायची, पण धुवायची सकाळीच, कारण ओली ठेवली की काळी पडते. वांगी तर फोडणीच्या वेळीच चिरायची.

माझं मत विचाराल तर घरगुती डब्यांची मर्यादा तवा ठरवतो. गिऱ्हाईक किती आणि मुलाची बाईक किती वेगात, हे नंतर. दहा डबे वाढवायचे तर दुसरा तवा, तिसरी शेगडी आणि साडेआठ ते दहा लाटायला एक बाई, एवढं हवंच. तिचा पगार दहा डब्यांतून सुटतो का, हे काकू आता वहीत मांडतायत. तोवर त्या दहा जणांना नाही म्हणून कळवलंय. त्यातला एक माझाच टीममेट आहे, त्यामुळे सोमवारी ऑफिसात माझं काही खरं नाही.