ऑपरेशननंतरची वेदना : आजींना शून्य गुण कोणी दिले?

"डॉक्टर, आजी फार दंगा करताहेत, झोपेचं इंजेक्शन लिहून द्या." खुब्याच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री मला हा फोन आला. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, वजन 42 किलो, स्मृतिभ्रंशाच्या रुग्ण. जाऊन पाहिलं तर हात पलंगाला बांधलेले आणि चार्टवर वेदनेच्या रकान्यात दिवसभर शून्य!

सिस्टरने "दुखतंय का?" विचारलं, आजी "नाही" म्हणाल्या, शून्य लिहिलं गेलं. आता सांगा, सकाळी काय खाल्लं हे ज्यांना आठवत नाही, त्यांच्याकडून दहापैकी गुण कसे मागायचे? आकड्यांची पट्टी साधारण आठ वर्षांपुढच्या, नीट समजणाऱ्या माणसासाठी असते. तीन वर्षांपुढच्या लहान मुलांना चेहऱ्यांची चित्रं दाखवतात. तान्ह्या बाळाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि ते शांत होतं का, हे पाहून गुण देतात.

स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी 'पेनॅड' पट्टी आहे. पाच गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. कूस बदलताना आजींचा श्वास मध्येच जड होत होता, एक. अधूनमधून कण्हणं, एक. चेहरा वेडावाकडा, दोन. मुठी आवळलेल्या, दोन. सुनेने हात धरल्यावर थोड्या निवल्या, एक. झाले सात! हे हालचाल करताना पाहायचं, कारण निपचित पडलेल्या माणसाचे गुण फसवे असतात.

औषधांच्या कागदावर फक्त 'गरज पडल्यास पॅरासिटामॉल' होतं. जी बाई मागूच शकत नाही, तिची गरज पडणार कधी? मला या 'गरज पडल्यास'चा मनापासून राग आहे. लघवी तुंबली आहे का, ऑक्सिजन, सोडियम, ताप हे आधी तपासलं, कारण गोंधळ त्यांमुळेही होतो. मग पॅरासिटामॉल ठरावीक वेळी, दर सहा तासांनी, वजनाच्या हिशोबाने म्हणजे किलोला 15 मिलिग्रॅम, सुमारे 600. किडनी कमजोर म्हणून डायक्लोफिनॅक बंद. भूलतज्ज्ञांनी मांडीत नसेचा ब्लॉक दिला. त्यावरही दुखलंच तर मॉर्फिनचा अगदी छोटा डोस, श्वास आणि गुंगीवर नजर ठेवून, सोबत पोट साफ होण्याचं औषध. प्रत्येक उपायानंतर तासाभरात पुन्हा गुण मोजायचे. हे शेवटचं काम आपल्याकडे हमखास राहून जातं.

तासाभराने गुण दोनवर आले. हात सोडले. झोपेचं इंजेक्शन लागलं नाही.

"ऑपरेशन झालंय, दुखणारच" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं गेलं, तर शांतपणे विचारा: शेवटचे गुण किती, कोणत्या पट्टीवर, कूस बदलताना की झोपलेले असताना? आणि कमी झालेलं दुखणं अचानक वाढलं, पोटरी सुजली किंवा जखम लाल होऊन वाहू लागली, तर नुसता डोस वाढवून घेऊ नका, सर्जनना बोलवा. आमच्या आजींची सून आता गुण स्वतःच वहीत लिहिते. सिस्टरला ते आवडत नाही.