चुकीच्या विमानतळावर सोडण्याचा हा उद्योग थांबवा!

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. म्हणजे या महानगराला आता दोन विमानतळ आहेत आणि त्यातल्या जुन्याला दोन टर्मिनल. तरीही अनेकदा तिकिटावर ठळक अक्षरांत काय छापले जाते? ‘मुंबई’! ज्या तीन इंग्रजी अक्षरांवर प्रवाशाचा सारा दिवस अवलंबून आहे, ती BOM आणि NMI ही अक्षरे बारीक टायपात कोपऱ्यात ढकललेली असतात. तिकीट विकताना बारकाईने भाडे मोजणाऱ्यांना विमान कुठून उडणार हे मोठ्या अक्षरांत सांगता येत नाही, हे आम्ही मान्य करणार नाही. हा निव्वळ बेफिकीरपणा आहे!

पुण्याहून कॅबने निघालेले एक कुटुंब डोळ्यांपुढे आणा. विमान सकाळी साडेनऊचे, तिकिटावर NMI. घाईत कोणीतरी अॅपमध्ये नुसते ‘मुंबई एअरपोर्ट’ टाकले आणि अॅपने मुकाट्याने सहारचा टी-टू निवडला. द्रुतगती मार्ग संपतो तो कळंबोलीला. नवी मुंबईचे विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर, उलव्याच्या बाजूला. पण चालकाच्या नकाशावर सहार आहे, म्हणून गाडी सायन-पनवेल महामार्गाने सरळ पुढे जाते. वाशीच्या खाडीपुलावर चाके चढली की समजावे, विमानतळ मागे राहिले. सहारला पोचेपर्यंत साडेसात वाजतात. तिथून सकाळच्या वाहतुकीत उलट फिरून तीस-पस्तीस किलोमीटर जायचे, आणि देशांतर्गत उड्डाणाचे चेक-इन बहुधा तासभर आधी, म्हणजे साडेआठला बंद! दोष चालकाचा? मुळीच नाही. त्याच्या पडद्यावर जे ठिकाण आले, तिथे त्याने इमानाने नेले. दोष त्या अॅपचा, जे दोन विमानतळांच्या शहरात ‘एअरपोर्ट’ एवढ्यावर गाडी पाठवते आणि ‘कोणते?’ असा साधा प्रश्न विचारत नाही!

दादरकराचीही तीच गत. NMI ला जाणारी गाडी शिवडीकडे वळून अटल सेतू धरते किंवा सायनवरून वाशीकडे निघते. ती वांद्रे ओलांडून पश्चिम द्रुतगती मार्गावर उत्तरेला धावू लागली, तर क्षणाचाही विलंब न करता थांबवा. आणि ठिकाण अॅपमध्येच बदला. नुसते तोंडी सांगितले तर चालकाचा नकाशा जुन्याच जागी नेत राहतो, आणि भाड्यावरून वाद होतो तो वेगळाच.

आता टर्मिनलचा गोंधळ, आणि इथे आम्ही मुंबईकरांनाही सोडणार नाही. आपण अजून ‘डोमेस्टिक’ आणि ‘इंटरनॅशनल’ म्हणतो. टी-टू २०१४ साली सुरू झाले आणि आज तिथून देशांतर्गत विमानेही मोठ्या संख्येने उडतात. नागपूरला निघालेला माणूस ‘डोमेस्टिकला घ्या’ म्हणतो, चालक त्याला सांताक्रूझच्या टी-वनला उतरवतो आणि विमान उभे असते सहारला! दोन्ही इमारती एकाच विमानतळाच्या, पण मध्ये धावपट्टी आहे. रस्त्याने वळसा घालूनच जावे लागते. विमान कंपनीच्या नावावरूनही अंदाज बांधू नका, कारण एकाच कंपनीची विमाने दोन्ही टर्मिनलांतून सुटतात. उड्डाण क्रमांकासमोर T1 आहे की T2, हे आदल्या रात्री कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. महिन्यापूर्वीच्या तिकिटावर विसंबू नये, कारण टर्मिनल बदलते. गाडीत बसल्यावर चालकाला ‘सहार, टी-टू’, ‘सांताक्रूझ, टी-वन’ किंवा ‘नवी मुंबई, उलवे’ असे गावासकट सांगावे आणि त्याच्या फोनवरचे ठिकाण स्वतः वाचावे. टर्मिनल चुकलेच, तर दिवसा मेट्रो तीनचा आधार आहे: टी-टू आणि टी-वन या स्थानकांमध्ये केवळ सहार रोड हे एकच स्थानक लागते. पहाटेच्या विमानाला मात्र हा आधार नाही.

परंतु सारी दक्षता प्रवाशानेच का बाळगावी? पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या, इंग्रजी अक्षरे न वाचणाऱ्या वृद्ध आईने NMI म्हणजे काय ते कोणाला विचारायचे? राज्य सरकार कॅब कंपन्यांना परवाने देते. मग त्या परवान्याची अट करा: विमानतळाचे नाव आणि टर्मिनल मराठीत दाखवून प्रवाशाची संमती घेतल्याशिवाय फेरी नोंदवता येणार नाही. विमान कंपन्यांनीही आदल्या दिवशीच्या संदेशाच्या पहिल्याच ओळीत विमानतळाचे नाव मराठीत लिहिले पाहिजे. हे तंत्रज्ञान त्यांच्याकडे आहे, इच्छा नाही!

विमान चुकले की कंपनी ‘नो-शो’चा शिक्का मारते आणि मूळ भाडे बहुधा बुडते. परंतु सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क, म्हणजे न केलेल्या प्रवासाचे पैसे, नियमाने परत मिळतात. ज्यांचे विमान असे चुकले, त्यांनी ती रक्कम लेखी मागावी, एक रुपयाही सोडू नये. आणि ज्या अॅपने न विचारता सहारला नेले, त्याच्याकडेही फेरीच्या नोंदीसह तक्रार करून भाडे परत मागावे.