‘द्या काय द्यायचे ते’ आता बंद!

एप्रिल लागला की आमच्या वस्तीतल्या शिलाई मशिनी रात्री उशिरापर्यंत चालतात. 14 तारखेला पांढरी साडी नेसायची, म्हणून ब्लाऊजांचा ढीग पडतो. शिलाई किती, असं विचारलं की ताई म्हणते, "द्या काय द्यायचे ते." मग समोरची 80 रुपये ठेवते आणि वर ऐकवते, "आपल्याच समाजाचं काम आहे की."

हे वाक्य आपण कुठून उचललं? बलुत्यात काम सक्तीचं होतं आणि मोबदला खळ्यावर देणाऱ्याच्या मर्जीचा. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायदा दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते ही मर्जी मोडण्यासाठीच. मग आपल्याच बहिणीला आपण पुन्हा खळ्यावर का उभं करतो?

आम्ही त्या ताईसोबत वहीत हिशोब मांडला. माप, कटिंग, शिलाई, हूक-काजं धरून साध्या ब्लाऊजला दोन तास जातात. तासाचे 60 रुपये धरले तर मजुरी 120. दोरा, हूक, वीज 15 आणि मशीनची झीज, दुरुस्ती 15. म्हणजे 150. ती 80 घेत होती. खर्चाचे 30 वजा केले तर तिच्या तासाला 25 रुपयेच पडत होते!

मग दरपत्रक लिहिलं. साधा ब्लाऊज 150. अस्तराचा 300, कारण त्याला साडेतीन तास आणि 60 रुपयांचं अस्तर लागतं. फॉल-पिको 100. अस्तराचा ब्लाऊज आणि फॉल-पिको एकत्र दिलं तर 380. ही 20 रुपयांची सूट, कारण गिऱ्हाईक एकदाच येतं-जातं. दोन दिवसांत हवं असेल तर 100 जास्त, पण दिवसाला असं एकच काम. निम्मे पैसे आगाऊ. सात दिवसांत आमची चूक निघाली तर दुरुस्ती फुकट. गिऱ्हाइकाला नंतर बदल हवा असेल तर 40.

खरी गोची ‘फुकट दुरुस्ती’ची असते. मर्यादा लिहिली नाही तर एकच ब्लाऊज तीनदा उसवावा लागतो आणि मजुरी तिथेच जिरते. म्हणून दर ब्लाऊजला लागलेला वेळ वहीत टिपायचा. सलग दहा ब्लाऊजांना अडीच तास लागत असतील तर दर चुकलाय, नाहीतर हात अजून बसायचाय.

दर लिहिल्यावर काही गिऱ्हाइकं तुटतात, हे खरं. ताईचीही तुटली. पण 80 वाली दोन कामं करून हातात 100 उरायचे. 150 चं एकच केलं तरी 120 उरतात.

आणि जयंती मंडळातल्या मित्रांनो, समाजासाठी ताईला शिवून द्यायचंच असेल तर पावतीवर आधी पूर्ण दर लिहा, खाली ‘देणगी’ म्हणून वजा करा. दान तिनं ठरवायचं, तुम्ही गृहीत धरायचं नाही. ज्याला किंमत नाही ते दान नसतं, ती वेठबिगारी असते.

जय भीम!